आयगनव्हॅल्यू आणि आयगनस्पेसच्या मितीवरून 4×4 मॅट्रिक्सचा जॉर्डन फॉर्म

प्रश्न साधारण असा असतो: A ही 4×4 मॅट्रिक्स आहे, तिची 2 ही एकच आयगनव्हॅल्यू आहे आणि ती चार वेळा येते. आयगनस्पेसची मिती 2 आहे. A चा जॉर्डन फॉर्म लिहा.

वर्गात हा प्रश्न फळ्यावर लिहिला की काही जण लगेच दोन-दोनचे दोन ब्लॉक लिहितात, काही जण एक तीनचा आणि एक एकचा. दोन्ही बाजूंना स्वतःच्या उत्तराची खात्री असते. खरं म्हणजे दिलेल्या माहितीवरून उत्तर ठरतच नाही. आणखी एक माहिती लागते, ती कोणती आणि कशी मिळवायची हे या लेखात आहे. आधी एवढं सांगतो, की 4×4 मध्ये अशी अडचण या एकाच ठिकाणी येते. बाकी सगळीकडे आयगनव्हॅल्यू आणि त्यांच्या आयगनस्पेसच्या मिती कळल्या की उत्तर पक्कं होतं.

ब्लॉक म्हणजे नेमकं काय

जॉर्डन ब्लॉकमध्ये मुख्य कर्णावर एकच संख्या λ असते, कर्णाच्या लगेच वरच्या तिरक्या ओळीत 1 असतात आणि बाकी सगळे शून्य. तीन आकाराचा ब्लॉक असा:

```
λ  1  0
0  λ  1
0  0  λ
```

यातून λI वजा केल्यावर उरणारी मॅट्रिक्स काय करते ते बघा. ती तिसऱ्या व्हेक्टरला दुसऱ्यावर नेते, दुसऱ्याला पहिल्यावर आणि पहिल्याला शून्यावर. एकेक पायरी उतरावी तसं हे चालतं. या पायऱ्यांच्या ओळीला आपण साखळी म्हणू. साखळीतला फक्त शेवटचा, शून्यावर जाणारा व्हेक्टर हा आयगनव्हेक्टर असतो. म्हणून ब्लॉक कितीही मोठा असला तरी त्याच्याकडून आयगनस्पेसला एकच दिशा मिळते.

यावरून पहिला नियम निघतो: λ च्या आयगनस्पेसची मिती म्हणजे λ च्या ब्लॉकांची संख्या. मिती किती ब्लॉक आहेत ते सांगते, ते केवढे आहेत ते सांगत नाही. आकारांची बेरीज मात्र आपल्याला माहीत असते, कारण λ कॅरेक्टरिस्टिक बहुपदीत जितक्या वेळा येते तितकी ती असते.

म्हणजे प्रत्येक आयगनव्हॅल्यूसाठी प्रश्न एवढाच उरतो: m ही संख्या g तुकड्यांत किती प्रकारे मोडता येते? इथे m म्हणजे λ किती वेळा येते आणि g म्हणजे आयगनस्पेसची मिती.

m = 1 असेल तर विचार करायचं कारण नाही. m = 2 असताना एक तुकडा म्हणजे 2 आणि दोन तुकडे म्हणजे 1+1. m = 3 असताना एक तुकडा 3, दोन तुकडे 2+1, तीन तुकडे 1+1+1. इथपर्यंत प्रत्येक g ला एकच उत्तर आहे. m = 4 ला g = 1 म्हणजे 4, g = 3 म्हणजे 2+1+1, g = 4 म्हणजे चारही एकचे ब्लॉक, आणि तेव्हा मॅट्रिक्स λI हीच असते. g = 2 ला मात्र 3+1 सुद्धा होतं आणि 2+2 सुद्धा.

आयगनव्हॅल्यूंची प्रत्यक्ष किंमत सोडून फक्त रचना मोजली, तर 4×4 मॅट्रिक्सचे एकूण चौदा प्रकार होतात. त्यांतले बारा या माहितीवरून ओळखता येतात. उरलेले दोन एकमेकांत मिसळतात, आणि पुढचं सगळं त्या दोघांबद्दल आहे.

दोन मॅट्रिक्स, एकच आयगनस्पेस

```
A =  3 -1  1  0        B =  3 -1  1  0
     1  1  1  0             1  2  2 -1
     0  1  3 -1             0  1  3 -1
     1  0  2  1             1  1  3  0
```

दोन्हींची पहिली आणि तिसरी ओळ सारखीच आहे. दोन्हींच्या कर्णाची बेरीज 8 आहे, म्हणजे 2 चार वेळा आल्यावर जी यायला हवी तीच. कॅरेक्टरिस्टिक बहुपदी दोन्हींची (x−2)⁴ आहे. आत्ता ती गृहीत धरा, पुढे वर्ग आणि घन काढताना ती आपोआप सिद्ध होईल.

पहिली पायरी म्हणजे कर्णातून 2 वजा करणं. A − 2I ला N म्हणू आणि B − 2I ला M.

```
N =  1 -1  1  0        M =  1 -1  1  0
     1 -1  1  0             1  0  2 -1
     0  1  1 -1             0  1  1 -1
     1  0  2 -1             1  1  3 -2
```

दुसरी पायरी, रँक. N मध्ये दुसरी ओळ पहिलीसारखीच आहे आणि चौथी ओळ पहिली अधिक तिसरी आहे. M मध्ये दुसरी ओळ पहिली अधिक तिसरी आहे, तर चौथी ओळ पहिली अधिक तिसरीची दुप्पट. दोन्हीकडे खऱ्या अर्थाने वेगळ्या अशा दोनच ओळी उरतात, पहिली आणि तिसरी. रँक 2, म्हणून आयगनस्पेसची मिती 4 − 2 = 2.

उरलेली समीकरणंही दोन्हीकडे तीच आहेत:

x − y + z = 0
y + z − w = 0

म्हणजे y = x + z आणि w = x + 2z. आयगनस्पेस (1,1,0,1) आणि (0,1,1,2) या दोन व्हेक्टरांनी बनते. A आणि B यांची आयगनव्हॅल्यू एक, आयगनस्पेसची मिती एक आणि स्वतः आयगनस्पेससुद्धा तीच! तरी या दोन मॅट्रिक्स सिमिलर नाहीत. आयगनस्पेसकडे कितीही निरखून पाहिलं तरी हा फरक दिसणार नाही, कारण तो तिथे नाहीच.

फरक वर्गात दिसतो

तिसरी पायरी म्हणजे वर्ग काढणं. साखळीची लांबी मोजायची असेल तर एकाऐवजी दोन पायऱ्या उतरून बघायचं. एकच्या ब्लॉकमधला व्हेक्टर पहिल्याच पायरीला शून्य होतो. दोन किंवा त्याहून मोठ्या ब्लॉकमध्ये दुसऱ्या पायरीला आणखी एक व्हेक्टर शून्यावर जातो. म्हणून दुसरा नियम असा: N² च्या नल स्पेसची मिती वजा N च्या नल स्पेसची मिती म्हणजे दोन किंवा त्याहून मोठ्या ब्लॉकांची संख्या.

N² काढताना अख्खा गुणाकार करायची गरज नाही. N ची पहिली ओळ (1,−1,1,0) आहे, म्हणून N² ची पहिली ओळ म्हणजे N ची पहिली ओळ, वजा दुसरी, अधिक तिसरी. पहिल्या दोन सारख्या असल्याने एकमेकींना खोडतात आणि (0,1,1,−1) उरते. अशाच रीतीने बाकीच्या ओळी काढल्या की:

```
N² =  0  1  1 -1
      0  1  1 -1
      0  0  0  0
      0  1  1 -1
```

रँक 1, नल स्पेसची मिती 3. म्हणजे 3 − 2 = 1: दोन किंवा त्याहून मोठा ब्लॉक एकच आहे. एकूण ब्लॉक दोन आणि बेरीज चार, तेव्हा एक ब्लॉक तीनचा आणि एक एकचा. आणखी एकदा N ने गुणलं की N³ = 0 येतं. त्यामुळे A ची 2 सोडून दुसरी आयगनव्हॅल्यू असूच शकत नाही, हेही सिद्ध झालं.

M साठी तेच करा. पहिली ओळ वजा दुसरी अधिक तिसरी: (1,−1,1,0) − (1,0,2,−1) + (0,1,1,−1) = (0,0,0,0). बाकीच्या ओळीही शून्यच येतात. M² = 0, नल स्पेसची मिती 4, 4 − 2 = 2. दोन्ही ब्लॉक दोनचे.

```
A चा फॉर्म:            B चा फॉर्म:
2  1  0  0             2  1  0  0
0  2  1  0             0  2  0  0
0  0  2  0             0  0  2  1
0  0  0  2             0  0  0  2
```

ब्लॉकांचा क्रम बदलला तरी तो फॉर्म तोच समजतात. काही पुस्तकांत 1 कर्णाच्या खाली लिहितात. तीही पद्धत बरोबर आहे, फक्त एका उत्तरात दोन पद्धती मिसळू नका.

परीक्षेत कधीकधी मॅट्रिक्स न देता मिनिमल बहुपदी देतात. (x−2)³ असेल तर सर्वांत मोठा ब्लॉक तीनचा, (x−2)² असेल तर दोनचा. पण फक्त (x−2)² सांगून थांबले तर 2+2 आणि 2+1+1 दोन्ही शक्य राहतात आणि मिती विचारावीच लागते. मिती आणि मिनिमल बहुपदी या दोन्ही हातात असतील तर 4×4 मध्ये काही शिल्लक राहत नाही. किंबहुना 6×6 पर्यंत हे चालतं. 7×7 ला 3+3+1 आणि 3+2+2 समोर येतात. दोन्हींत तीन ब्लॉक, दोन्हींत सर्वांत मोठा तीनचा. तिथे पुन्हा वर्गाच्या रँककडेच जावं लागतं. म्हणून रँकची सवय लावलेली बरी.

P काढताना मुलं कुठे अडकतात

फॉर्म ओळखणं एक आणि P⁻¹AP = J होईल अशी P काढणं दुसरं. A साठी ती काढू. मी इथे जास्त वेळ थांबणार आहे, कारण मेहनती विद्यार्थीसुद्धा इथे चुकीच्या उत्तराला पोचतात आणि चूक कुठे झाली ते त्यांना सापडत नाही.

बहुतेक जण आयगनव्हेक्टरपासून सुरुवात करतात आणि साखळी उलटी चढायला बघतात. (0,1,1,2) घेऊन Nx = (0,1,1,2) सोडवायला जा. N ची पहिली आणि दुसरी ओळ एकच आहे, पण उजवीकडे पहिल्या जागी 0 आणि दुसऱ्या जागी 1 आहे. उत्तर नाही. मग (1,1,0,1) घेऊन बघू. Nx = (1,1,0,1) याचं सर्वांत सोपं उत्तर x = (1,0,0,0), कारण तो N चा पहिला स्तंभच आहे. छान. आता पुढची पायरी: Nx = (1,0,0,0). पुन्हा पहिल्या दोन जागा वेगळ्या, पुन्हा उत्तर नाही. विद्यार्थी म्हणतो, साखळी दोनवरच थांबली, तेव्हा मोठा ब्लॉक दोनचा. आणि 2+2 लिहून मोकळा होतो.

प्रत्येक समीकरण त्याने बरोबर सोडवलेलं असतं, तरी निष्कर्ष चुकतो. कारण Nx = (1,1,0,1) ला अनंत उत्तरं आहेत. एका उत्तरात आयगनस्पेसमधला कोणताही व्हेक्टर मिळवला की दुसरं उत्तर तयार होतं, आणि त्यांपैकी मोजक्याच उत्तरांवरून पुढे चढता येतं. (1,0,0,0) त्यांत बसत नाही. खालून वर चढताना पुढची वाट उघडी आहे की बंद, हे आधी दिसत नाही.

म्हणून वरून खाली यायचं. आपल्याला साखळी तीनची आहे हे माहीत आहे, तेव्हा N² ज्याला शून्य करत नाही असा कोणताही व्हेक्टर घ्या. N² चा दुसरा स्तंभ शून्य नाही, म्हणून v₃ = (0,1,0,0) चालेल. आता फक्त गुणाकार करायचे आहेत, समीकरण सोडवायचंच नाही:

v₂ = N v₃ = (−1,−1,1,0)
v₁ = N v₂ = (1,1,0,1)
N v₁ = 0

v₁ आयगनस्पेसमध्येच आला, ही जागच्या जागी पडताळणी. एकच्या ब्लॉकसाठी v₁ पासून स्वतंत्र असा दुसरा आयगनव्हेक्टर हवा: v₄ = (0,1,1,2). हे चार व्हेक्टर v₁, v₂, v₃, v₄ या क्रमाने स्तंभ म्हणून लिहा:

```
P =  1 -1  0  0
     1 -1  1  1
     0  1  0  1
     1  0  0  2
```

हिचा निश्चयक −1 येतो, म्हणजे व्हेक्टर स्वतंत्र आहेत. क्रम उलटा, v₃ आधी आणि v₁ शेवटी असा लिहिला तर 1 कर्णाच्या खाली जातात.

पडताळणीसाठी P⁻¹ काढत बसू नका. AP = PJ तपासा, आणि तेही स्तंभ-स्तंभाने. A v₃ म्हणजे A चा दुसरा स्तंभ, (−1,1,1,0). तो 2v₃ + v₂ = (0,2,0,0) + (−1,−1,1,0) इतका यायला हवा, आणि येतो. A v₄ = (0,2,2,4) = 2v₄. उरलेले दोन स्तंभ असेच पाहून घ्या.

B साठी काम आणखी कमी आहे: (1,0,0,0) आणि (0,1,0,0) हे दोन वरचे व्हेक्टर घ्या, M ने गुणून त्यांच्या खालचे (1,1,0,1) आणि (−1,0,1,1) मिळवा. दोन साखळ्या तयार. वरचे दोन व्हेक्टर निवडताना त्यांच्या खालचे एकमेकांच्या पटीत येत नाहीत ना, एवढं बघायचं.

दुसऱ्या आयगनव्हॅल्यू सोबत असतील तर

```
C =  3  1  1  0
     0  3  0  1
     0  0  3  1
     0  0  0  7
```

ही त्रिकोणी असल्याने आयगनव्हॅल्यू कर्णावर दिसतात: 3 तीन वेळा, 7 एकदा. कर्णाच्या लगेच वर 1, 0, 1 दिसतात म्हणून तिथूनच ब्लॉक वाचायचा मोह होतो. तो आवरा, कारण वरच्या कोपऱ्यांतल्या इतर संख्या चित्र बदलतात. C − 3I च्या ओळी (0,1,1,0), (0,0,0,1), (0,0,0,1), (0,0,0,4). रँक 2, आयगनस्पेसची मिती 2. तीन दोन तुकड्यांत म्हणजे 2+1, आणि 7 चा एकचा ब्लॉक. वर्गाची गरज पडली नाही.

तरीही कोणी (C − 3I)² काढलाच तर त्याची रँक 1 येईल आणि पुढच्या सगळ्या घातांची 1 च राहील. ती शून्य होईल म्हणून वाट बघू नये. 7 ची दिशा 3 वजा केल्याने कधीच नाहीशी होत नाही, म्हणून रँक 4 − m वर येऊन थांबते. इथे m = 3.

वास्तव संख्यांच्या मॅट्रिक्सला i, i, −i, −i अशा आयगनव्हॅल्यू असतील तर जॉर्डन फॉर्म संमिश्र संख्यांवर काढायचा. अशा वेळी i आणि −i यांच्या ब्लॉकांचे आकार हुबेहूब सारखे असतात, त्यामुळे एकाचीच मिती काढली की पुरे. मिती 2 आली तर मॅट्रिक्स कर्णरूप होते, 1 आली तर प्रत्येकी दोनचा एक ब्लॉक.

संगणकावर तपासताना

इथे दशांशातली आकडेमोड घात करते. A च्या एखाद्या घटकात 10⁻¹⁶ इतका बदल झाला, तरी तीनच्या ब्लॉकमुळे आयगनव्हॅल्यूत साधारण त्याच्या घनमुळाइतका, म्हणजे 10⁻⁵ च्या आसपास फरक पडू शकतो. तीन सारख्या आयगनव्हॅल्यू मग तीन वेगळ्या दिसतात आणि मॅट्रिक्स कर्णरूप होते असा भास होतो. म्हणून अचूक पूर्णांकांवर काम करणारं साधन घ्यावं:

```
from sympy import Matrix
A = Matrix([[3,-1,1,0],[1,1,1,0],[0,1,3,-1],[1,0,2,1]])
P, J = A.jordan_form()
print(J, (A - 2*Matrix.eye(4)).rank())
```

यातून येणारी P वरच्यापेक्षा वेगळी असू शकते आणि J मधले ब्लॉक मागेपुढे असू शकतात. दोन्ही ठीक आहे.

जाता जाता नावाबद्दल. हा फॉर्म फ्रेंच गणिती कामीय जॉर्दां यांच्या १८७० सालच्या लेखनातून आला. ओळी कमी करायच्या गॉस-जॉर्डन पद्धतीतले जॉर्डन म्हणजे विल्हेल्म जॉर्डन, जर्मन भूमापनतज्ज्ञ. दोघे वेगळे आहेत. रँक काढताना एकाची पद्धत आणि उत्तर लिहिताना दुसऱ्याचा फॉर्म, असं एकाच गणितात दोघांचं काम येतं.

3+1 आणि 2+2 यांतला फरक कागदापुरता नाही, हे x′ = Ax हे अवकल समीकरण सोडवलं की दिसतं. उत्तरात e²ᵗ(I + tN + (t²/2)N²) येतं. A साठी N² शून्य नाही, म्हणून बहुतेक सुरुवातींपासून उत्तर t²e²ᵗ च्या वेगाने वाढतं. B साठी M² = 0, तेव्हा ती संज्ञाच नाही आणि वाढ te²ᵗ वर थांबते.